एवढंच छापा

"माह्या सुनेले सांगजो वं प्रेमलता. माह्यावानी लपवू नको म्हणा. पण भेव नको घालजो तिले."

बायजाबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. वॉर्डात आमच्या खाटा शेजारी होत्या. त्या नरखेडकडच्या, मी नागपूरची. मी बरी होऊन घरी आले, त्या नाही आल्या. त्यांच्या सुनेचा, भावनाचा, फोन महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. गेल्या आठवड्यात आला तेव्हा ती घुटमळत बोलली. "काकू, मलेबी अंगात एक गाठ हाताले लागून राहिली. दुखत नाही तशी."

"तपासून घेऊ. ये नागपूरला, मी आहे," मी म्हटलं. ती हो म्हणाली.

त्याच सुमारास आमच्या रुग्णमैत्री मंडळाची पुस्तिका तयार होत होती. आजारातून उठलेल्यांचे अनुभव छापायचे आणि गावोगावच्या दवाखान्यांत ठेवायचे. संपादन मधुकररावांकडे. वर्तमानपत्रातून निवृत्त झालेला भला माणूस. त्यांच्यासमोर दोन दुपारी बसून मी सगळं सांगितलं. त्यांनी लिहून काढलं आणि मी वाचायच्या आतच मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. त्या ग्रुपमध्ये गावांतल्या आरोग्यसेविकाही आहेत. संध्याकाळपर्यंत मजकूर भावनाच्या मोबाईलवर पोचला होता.

तिचा फोन आला. "काकू, मी नाही येत."

"काहून वं?"

"वाचलं न तुमचं. ते नळ्या, ते टाके... असं होत असन तर मले माहीतच नाही झालं पाहिजे. आन सासूबाईचं नावबी टाकलं त्यात. शेवटी त्यायचं कसं झालं ते आता गावात साऱ्यायले माहीत झालं." तिनं फोन ठेवला.

मग मी तो मजकूर उघडला. मथळा होता, 'व्रतानं जिंकलेली मृत्यूशी झुंज'. खाली माझं शरीर होतं. काय काढलं, कुठून काढलं, रिपोर्टवरचे आकडे, औषधांची नावं, रात्री कशी कण्हत होते तेसुद्धा. इथं मी त्यातलं काही लिहिणार नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं, एक मथळा सोडला तर.

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला आणि मधुकररावांकडे गेले.

"या वहिनी. रडल्या की नाही वाचून?"

"नाही. आधी ते ग्रुपवरून काढा."

मी कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे त्यांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मोबाईल हातात घेतला. "काढलं. पण मसुदा होता तो. एवढं काय मनावर घेता?"

"दुसरं मी लिहिते. मी लिहीन तेवढंच छापा."

"म्हणजे गुळगुळीत करणार! वहिनी, लपवल्यानंच बाया मरतात आपल्याकडे. आन तुमीबी लपवा आता."

हे मला लागलं, कारण त्यात खरं होतं.

"मधुकरराव, डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. लाज घरी ठेवून, एकही गोष्ट मागं न ठेवता. त्यांना ते उपचारासाठी लागतं. गावाला कशासाठी लागतं?"

"वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!"

"मला तिच्या डोळ्यांत पाणी नको. तिच्या पायात चप्पल हवी. उठून दवाखान्यात गेली पाहिजे ती."

ते हसले. "बोलता तर हळू, पण जागा नाही सोडत हो तुमी. बरं, मथळा तरी ठेवा. व्रताचं नाव आलं की बाया वाचतात."

"वाचतील, आणि औषध सोडून व्रत धरतील. देवाच्या नावावर ते पाप मी घेणार नाही."

घरी येऊन लिहायला बसले, तर कुठून सुरुवात करावी सुचेना. मग आठवलं, श्रावणात मी बायकांना कहाण्या वाचून दाखवते. त्यात राणी आजारी पडते ती एका वाक्यात. तिच्या अंगाला काय झालं याची चौकशी कहाणी करत नाही. ती कुठं गेली, कोणाला भेटली, काय नेम धरला, ते मात्र सविस्तर सांगते. बायका शतकानुशतकं तेवढ्यावरच ऐकत आल्या आहेत.

जुना मसुदा समोर ठेवला. प्रत्येक वाक्याला एकच विचारलं: याचा वाचणारीला काही उपयोग आहे, की ती नुसती मला बघणार? नळ्या गेल्या. टाके गेले. आकडे आणि औषधांची नावंही काढली, कारण माझं औषध माझ्यापुरतं, उगाच कुणी त्यावरून स्वतःचा हिशेब मांडायला नको. बायजाबाईंच्या नावाच्या जागी 'शेजारच्या खाटेवरची मैत्रीण' आलं. त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांचा शेवट तर पूर्ण काढला. तो माझा नव्हताच.

आजाराची एक गोष्ट मात्र ठेवली. गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका, लगेच दाखवा. हे वाक्य मी पहिलंच घातलं.

आणि एक प्रसंग जुन्या मसुद्यात नव्हताच, तो घातला. उपचार चालू असताना एकादशी आली. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, उपास अजिबात नाही. ताट पुढं आलं आणि माझा हात उठेना. लहानपणापासूनचा नेम. शेजारची मैत्रीण म्हणाली, "देवाले उपाशी बाया मोजाचा धंदा नाही वं. जेव!" तेव्हा मी मनाशी संकल्प सोडला की बरी होईपर्यंत ताटातलं संपवणं हेच माझं व्रत. त्या एकादशीला मी जेवले. पुढं तोंडाला चव नसायची, तरी प्रत्येक घास नेमासारखा खाल्ला. उपचार डॉक्टरांनी केले, धीर देवानं दिला. मी दोघांचे आभार वेगवेगळे मानले.

शेवटी लिहिलं: 'डॉक्टरांपासून काही लपवू नका. बाकी कोणाला किती सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रत्येकीचा आजार वेगळा असतो, माझ्यावरून तुमचा मोजू नका.'

मधुकररावांनी दोनदा वाचलं. "फोटो?"

"नाही."

"कमी वाटते हो वहिनी."

"असू द्या कमी."

छापायला देण्याआधी मी भावनाला फोन लावला. "तुझ्या सासूबाईंची एक गोष्ट यात आहे, नाव काढलंय. नको म्हणालीस तर तीही काढते." आणि सगळं वाचून दाखवलं.

"काकू, एकादशीले खरंच जेवल्या तुमी?"

"भात-वरण. दोनदा घेतलं."

ती खुदकन हसली. "आमच्या सासूबाईच असं बोलाच्या. राहू द्या ते." मग आवाज बारीक झाला. "मले एकटीले नाही जमत न काकू. घरातून पाय नाही निघत."

"तू घरातच थांब. उद्या मी येते तुला न्यायला."

आज सकाळी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला. पोळ्या आणि वांग्याची भाजी डब्यात भरली, दोघींपुरती. भावना डॉक्टरांसमोर गडबडली तर हाताशी असावेत म्हणून विचारायचे प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून पिशवीत टाकले. घरातले अजून झोपले होते. मी चप्पल घातली, दार हळूच ओढून घेतलं आणि नरखेडची गाडी धरायला गणेशपेठच्या स्टँडकडं निघाले.