‘घरातून’ नावाचा रकाना

बँकेत जाण्याच्या आदल्या दिवशी मी हप्त्यात सवलत मागणारा अर्ज तिसऱ्यांदा उतरवून काढला. ड्रायरच्या बाजूला इस्त्रीचं टेबल आहे, तिथेच बसून. सासूबाई चादरींच्या घड्या मोजत होत्या. लाँड्रीत त्यांना सगळे मुकादम म्हणतात. त्या समोर नसताना म्हणतात, पण त्यांना माहीत आहे.

“किती महिने मागतेस?” त्यांनी विचारलं.

“तीन.”

“तीनच?”

“थोडंच मागावं,” हे ड्रायरमागून म्हणाले. “मागणं लहान असलं की नाही म्हणायला समोरच्यालाच जड जातं.”

“देवापुढे बसतेस तेव्हापण असं घासाघीस करून मागतेस का गं?”

“मी तिथे मागतच नाही, आई. नुसती बसते.”

“म्हणूनच ही वेळ आली,” म्हणत त्या पुढच्या गठ्ठ्याकडे वळल्या.

वेळ आली होती ती अशी. दोन वर्षांपूर्वी मोठं वॉशिंग मशीन आणि ड्रायर घेण्यासाठी आम्ही चोवीस लाखांचं कर्ज काढलं. हप्ता त्रेपन्न हजार चारशे. कामाच्या मोठ्या भागाला एका हॉस्पिटलचा आधार होता. पाच महिन्यांपूर्वी त्या हॉस्पिटलने तळघरात स्वतःची लाँड्री उघडली आणि महिन्याला एक लाख वीस हजारांचं काम एका पत्राने गेलं. आता पगार, वीज, साबण, भाडं देऊन बावीस हजार उरतात. तरी आम्ही एकही हप्ता चुकवला नव्हता. सहा तारखेला मी रोख रक्कम घेऊन बँकेत जायची, सात तारखेला हप्ता कापला जायचा. कमी पडलेले एकतीस हजार घरातून येत. आधी माझ्या बांगड्या, मग मुलीच्या शिक्षणाची ठेव. या महिन्यानंतर घरात काही उरत नव्हतं. मशीन गेलं असतं तर लाँड्री गेली असती, आणि तिच्यासोबत अकरा जणांची कामं.

सकाळी दिवा लावला, नेहमीचं वाचन केलं. ते संपेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. हे स्कूटर चालू करून वाट बघत राहिले. घाई कर म्हणाले नाहीत, एवढं खरं.

मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर एक कुंडी होती आणि तिच्यात पेन खोचलेलं होतं. बहुधा कुणीतरी विसरलं असावं. त्यांनी अर्ज घेतला आणि मोठ्याने नाही, पण ओठ हलवत वाचला.

“सोळा लाख बाकी. लाँड्रीची दुसरी गाडी विकून एक लाख मुद्दलात भरणार, म्हणजे पंधरा लाख. तीन महिने फक्त व्याज, महिन्याला पंधरा हजार. त्यानंतर अठ्ठेचाळीस हप्ते, साडेएकोणचाळीस हजारांचे. कारण हॉस्पिटलचं काम गेलं. चौथ्या महिन्यापासून वसतिगृहाचं काम, त्यातून चोवीस हजार निव्वळ. बरोबर?”

“बरोबर,” हे म्हणाले. “वसतिगृहाचं पत्र मागे जोडलंय.”

साहेबांनी पत्र वाचलं. मग आमचं खातं पडद्यावर उघडलं. माझे हात पदराखाली जुळलेलेच होते.

“तुमचे हप्ते वेळेवर आहेत,” ते म्हणाले. “मग हप्त्यांची पुनर्रचना कशासाठी? वरच्या कार्यालयात पहिला प्रश्न हाच येईल.”

“अहो साहेब, वेळेवर आहेत, पण...” आणि हे थांबले.

“पण पाच महिने दर सहा तारखेला रोख एकतीस-बत्तीस हजार भरलेत. हा पैसा लाँड्रीचा नाही.” त्यांनी अर्जाचं शेवटचं पान पुढे केलं. “आणि हे तुम्हीच लिहिलंय. चौथ्या, पाचव्या, सहाव्या महिन्यापुढे साडेसतरा-साडेसतरा हजार, ‘घरातून’. घरात काय आहे?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

“काही नाही,” मी म्हणाले. “सासूबाईंच्या पाटल्या आहेत. त्यांना विचारलेलं नाही.”

साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कुंडीतलं पेन काढलं, पुसलं.

“काम चौथ्या महिन्यात सुरू. बिल महिन्याच्या अखेरीस. पत्रात लिहिलंय, बिल मिळाल्यापासून पंचेचाळीस दिवसांत पैसे. म्हणजे पहिला पैसा कधी?”

“सहाव्या महिन्याच्या मध्यावर,” मी म्हणाले. ते मला ठाऊक होतं. त्यासाठीच तर तो रकाना आखला होता.

“म्हणजे सहाव्याचा हप्तासुद्धा त्याआधी कापला जाणार. वाढीव साबण, वीज?”

“साबणवाला दोन महिने थांबतो. माणसं तीच आहेत, सध्या अर्धा वेळ बसून असतात. वीज पहिले तीन महिने व्याज भरून उरणाऱ्या सात-सात हजारांतून निघेल. तेवढीच वाढेल, याचा तक्ता दुसऱ्या पानावर आहे.”

“बघितला. चांगला आहे.” ते खुर्चीत मागे टेकले. “मग तीनच महिने का मागितले?”

ह्यांनी घसा खाकरला. “साहेब, बँकेला जास्त त्रास नको म्हणून.”

“त्रास? अहो, हे मी असंच वर पाठवलं आणि मंजूर झालं, तर चौथ्या महिन्यात तुमचा हप्ता थकेल. एकदा पुनर्रचना केलेलं खातं थकलं की दुसऱ्यांदा माझं कुणी ऐकून घेत नाही. तुमचंही नाही. लाजून कमी मागितलेलं बँकेला महाग पडतं.”

खोलीत पंखा फिरत होता. मला एकाएकी खूप हलकं वाटलं आणि त्याचीच लाजही वाटली.

“सहा महिने लिहू?” मी विचारलं.

“तुमचेच आकडे सहा म्हणतात. फुकट नाही मिळणार ते. तीन महिन्यांचं जास्तीचं व्याज पंचेचाळीस हजार जाईल, आणि खात्याच्या नोंदीत पुनर्रचना दिसेल. पुढचं कर्ज काढताना विचारतील. मंजुरी माझ्या हातात नाही, शिफारस आहे. हप्ता चुकायच्या आधी आलात, ही तुमची जमेची बाजू. आणि एक, इथून पुढे हप्ता लाँड्रीतूनच. जमणार नसेल तर तारखेच्या आधी येऊन सांगायचं.”

आम्ही बाहेरच्या बाकावर बसून शेवटचं पान नव्याने लिहिलं. हे मला आकडे सांगत होते, मी पट्टीने रेघा मारत होते. सहा महिने व्याज, सातव्यापासून साडेएकोणचाळीस हजार. सातव्या महिन्यापासून हातात शेहेचाळीस हजार, म्हणजे साडेसहा हजार उरणार. या वेळी तो रकाना आखलाच नाही. पान केवढं मोकळं दिसलं!

गाडी त्याच आठवड्यात विकली. मंजुरीचं पत्र तेवीस दिवसांनी आलं. मधल्या सात तारखेचा जुना हप्ता ठेवीच्या उरल्यासुरल्या पैशातून भरला, साहेबांना आधी सांगून.

त्यानंतरची सहा तारीख. मी वाचन आटोपून उठले तर दारात सासूबाई, हातात गाठ मारलेला रुमाल.

“घे,” त्या म्हणाल्या. “मला काय कळत नाही असं वाटतं? बांगड्या गेल्या, ठेव गेली, आता माझा नंबर. गुपचूप विचार करत बसण्यापेक्षा सरळ मागायचं होतं.”

रुमालात पाटल्या होत्या. मी गाठ परत घट्ट बांधली आणि त्यांच्या हातात ठेवली.

“आज बँकेत जायचं नाही, आई. खात्यात अठरा हजार आहेत, लाँड्रीचे. उद्या पंधरा कापले जातील.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग ह्यांना हाक मारली. “अरे, ही खरं बोलतेय का?”

“वाचन झाल्यावर ती खोटं बोलत नाही,” हे आतून म्हणाले.

“आणि वाचनाआधी?”

“तेव्हा बोलतच नाही.”

पाटल्या हातात चढवत त्या लाँड्रीकडे निघाल्या. मागोमाग मीही गेले. वसतिगृहाच्या नमुन्याच्या चादरी आल्या होत्या, आणि मुकादमांना त्या स्वतः मोजायच्या होत्या.