उल्मससाठी सलाम

उझबेकिस्तानातल्या मर्गिलानमध्ये बाहेरून आलेल्याने घरातल्यांना आधी सलाम करायचा आणि घरातल्यांनी त्याला उत्तर द्यायचे. सलाम न करणे हा उद्धटपणा, पण केलेल्या सलामाला उत्तर न देणे हे त्याहून वाईट, याविषयी इथे दुमत नाही.

माझी थोरली बहीण ओयदिन आपा हिच्या घरी हा नियम वसंतात मोडला. तिचे यजमान तुर्गुन-अका तिसऱ्या पिढीचे तंदूरवाले. त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, उल्मसने, यंत्रावर पाव करणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. त्या संध्याकाळी त्याने घरात येऊन सलाम केला. वडिलांनी चहाचा वाडगा खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहिले. दुसऱ्या दिवसापासून उल्मस अंगणातून सरळ आपल्या खोलीत जाऊ लागला. वडिलांचे म्हणणे, धाकट्याने आधी बोलावे. मुलाचे म्हणणे, मी बोललो होतो. दोन्ही म्हणणी खरी असल्यामुळे तोडगा निघेना. कारखान्याने त्याला ताश्कंदच्या शाखेत पाठवण्याचे ठरवले होते. तो असाच अबोल निघून जाईल, ही आपाची भीती होती.

तिचा उपाय म्हणजे पोपट. परदेशी गेलेल्या शेजाऱ्याने ठेवायला दिलेला एक राखाडी पोपट अंगणात तुर्गुन-अकांच्या बाजेशेजारी पिंजऱ्यात टांगलेला असे. उल्मस आला की त्याच्या वतीने पोपटाने सलाम करावा, म्हणजे नवऱ्याला उत्तर द्यावेच लागेल, असा तिचा हिशेब. मी प्राण्यांचे शरीरशास्त्र शिकवतो, म्हणून काम माझ्याकडे आले.

मी तिला सांगितले की पोपटाला सलामाचा अर्थ कळणार नाही. एखाद्या आवाजापाठोपाठ त्याने ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा ऐकले आणि लगेच काही चांगले घडले, तर तो त्या आवाजाला ते शब्द जोडेल. फाटकाची कडी कामाची नव्हती. ती दूधवाल्यालाही वाजते. उल्मसच्या स्कूटरचा आवाज मात्र गल्लीत वेगळा ओळखू येतो. तेव्हा स्कूटर वळणावर ऐकू आली की आपाने फाटकाशी जाऊन मोठ्याने “अस्सलाम अलैकुम” म्हणायचे आणि लगोलग येऊन पोपटाला अक्रोडाचा तुकडा द्यायचा. इतर कोणी आले तर काही नाही.

तुर्गुन-अकांना हे सगळे दिसत होते. “पक्ष्याने सलाम केला, तर तंदूर पण त्यालाच देईन,” असे त्यांनी मला ऐकवले. “निदान कारखान्यात तरी जाणार नाही तो.”

जर्दाळू पिकून संपले. पोपट अक्रोड खात होता आणि गप्प होता. आपाने मला विचारले की विद्यापीठात मी नेमके काय शिकवतो.

उल्मसच्या जाण्याचा आठवडा उजाडला. त्या संध्याकाळी मी अंगणातच होतो. वळणावर स्कूटर वाजली. आपा फाटकाकडे निघाली, पण कडी तिच्या हातून निसटली, आणि ती काही बोलण्यापूर्वीच उल्मस आत आला. तेवढ्यात पोपटाने घसा खाकरला.

“व अलैकुम अस्सलाम, पोरा,” तो म्हणाला.

आवाज तुर्गुन-अकांचा होता, अगदी खाकरण्यासकट, फक्त फार हळू. स्वतः तुर्गुन-अका तोंड मिटून बसलेले सगळ्यांना दिसत होते.

माझी चूक तेव्हा माझ्या ध्यानात आली. आपाचा सलाम अंगणाच्या दुसऱ्या टोकाहून येत होता, आणि पोपट शब्द उचलतो ते ज्याच्याजवळ तो दिवस काढतो त्याचे. पिंजऱ्याशेजारी बसलेल्या माणसाचा मी विचारच केला नव्हता. उत्तर रचणे पोपटाला शक्य नाही. त्या अर्थी, स्कूटर वाजली की कोणीतरी हेच शब्द पिंजऱ्याजवळ पुटपुटत होते, आणि ते एकदोनदा नव्हे, रोज. मी हे उल्मसला जसेच्या तसे सांगितले. तुर्गुन-अकांचे कान लाल झाले. त्यांनी मला अडवले मात्र नाही.

उल्मस हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. “पण इतके दिवस मी तर सलाम केलाच नव्हता,” तो म्हणाला.

“मग कर की,” आपा म्हणाली.

“अस्सलाम अलैकुम, बाबा.”

“उत्तर आधीच मिळालंय तुला,” तुर्गुन-अका भिंतीकडे पाहत म्हणाले. मग बहुधा नियम आठवून त्यांनी मान वळवली आणि उत्तर पुन्हा दिले, यावेळी साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे.

आपाने पोपटाला मूठभर अक्रोड दिले. शिकवलेले न बोलल्याबद्दल बक्षीस देऊ नये, हे मी तिला म्हणालो. तिने ऐकले नाही. उल्मस बाजेच्या कडेला बसला. तुर्गुन-अकांनी नान मोडून मोठा तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

“हाताचा आहे,” ते म्हणाले. “चावावा लागतो.”