निरंक अहवाल

शनिवारच्या चर्चासत्राचे प्रश्न सरांनी मंगळवारीच वाटून टाकले. एकच पान, सहा प्रश्न. सर सत्तरीचे. शाळेतल्या मुलांना पाढे शिकवावेत तसे ते गुन्हेशास्त्र शिकवत. घाई नाही, आवाज चढवणे नाही, आणि चुकलेल्याला हसणे तर मुळीच नाही.

हवालदारबाई मागच्या बाकावर बसली होती. पोलीस ठाण्यातल्या महिला मदत कक्षाचे काम सांभाळून ती हा अभ्यासक्रम करत होती. ती चौथ्या प्रश्नाशी अडली.

“एका ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात घरगुती मारहाणीचा एकही गुन्हा नोंदलेला नाही. शेजारच्या ठाण्यात चौसष्ट. तुमच्या मुलीला सासर निवडायचे असेल तर कोणत्या हद्दीतले निवडाल? का?”

“पहिलंच की!” पुढच्या बाकावरचा वकील म्हणाला. “दुसऱ्या ठिकाणी जावई हात उगारतोच, असं ठरल्यासारखं आहे.”

वर्ग हसला. सरही हसले. “वकीलसाहेब, तुमच्या मुलीचं वय काय?”

“चार वर्षं.”

“मग वेळ आहे. शनिवारपर्यंत विचार करा.”

हवालदारबाईला हसू आले नाही. सरांना ठाऊक नव्हते, पण ते शून्य तिच्याच ठाण्याचे होते. छापील वार्षिक अहवालात होतेच, सरांनी तिथूनच उचलले असणार. आणि त्याच शून्याच्या जोरावर तिचा कक्ष बंद व्हायचा होता. सकाळीच साहेबांनी तिला बोलावून सांगितले होते, “काम नाही तर खोली कशाला अडवायची? शुक्रवारपर्यंत टिपण लिहून आण. कक्षाची गरज उरलेली नाही, असं. तूच लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.”

वर्ग सुटल्यावर ती सरांच्या टेबलाशी घुटमळली. “सर, शून्य खोटं असतं का?”

सरांनी चष्मा काढला. “खोटं नसतं गं. अर्धवट असतं. हे बघ.” त्यांनी कोऱ्या कागदावर एकाखाली एक चार ओळी लिहिल्या : घडले. सांगितले. लिहिले. मोजले. “प्रत्येक ओळीवर काही ना काही गळतं. बाई घरात मार खाते, पण कुणाला सांगत नाही. सांगते तर शेजारणीला, पोलिसाला नाही. पोलिसाला सांगितलं तरी तो लिहील असं नाही. आणि लिहिलं तरी कुठल्या वहीत, यावर ते मोजलं जाणार की नाही हे ठरतं. अहवालात येतं ते फक्त तळाचं. वाचणारा मात्र त्यालाच वरचं समजतो.”

“मग शेजारचे चौसष्ट?”

“तिथे मारहाण जास्त असेल. किंवा तिथल्या बायकांना वाटत असेल की सांगून काही उपयोग होतो. नुसत्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही. त्यासाठी वह्या उघडाव्या लागतात, घरोघरी जाऊन विचारावं लागतं. तेही नवरा समोर बसलेला नसताना.”

कुठल्या वहीत. ते दोन शब्द घेऊनच ती ठाण्यात परतली.

कक्षाच्या कपाटात अर्जांची वही होती. बाई रडत आली की हवालदारबाई तिला पाणी देई, ऐकून घेई, नवऱ्याला बोलावून चांगले फैलावर घेई. मग वहीत लिही, “समज दिली. उभयता एकत्र राहण्यास तयार.” गुन्हा नोंदवला तर कोर्टकचेरी होईल, संसार मोडेल, असे तिला मनापासून वाटे. साहेबांनाही ते पसंत होते. अर्ज हा गुन्हा नव्हे, म्हणून तो महिन्याच्या तक्त्यात जात नसे. तक्त्यात त्या रकान्यापुढे ती दर महिन्याला स्वच्छ अक्षरात ‘निरंक’, म्हणजे शून्य, असे लिहीत आली होती.

तिने मोजायला घेतले. वर्षभरात त्रेचाळीस अर्ज. नावे पडताळली तर बायका एकतीसच. काही दोनदा आल्या होत्या, काही तीनदा. एक शिवणकाम करणारी पाचदा आली होती. पाचवा अर्ज फेब्रुवारीतला. त्यानंतर ती आली नव्हती.

“सुधारला वाटतं नवरा,” असे तेव्हा हवालदारबाईच बोलली होती.

आता तिला राहवेना. पलीकडच्या खोलीत जाऊन तिने कारकुनाकडे अकस्मात मृत्यूंची वही मागितली.

“तुला गं कशाला मढ्यांची वही?” कारकून म्हणाला.

“अभ्यासाला.”

“शिका, शिका. आमची पेन्शन तरी जास्त करून द्या.”

मार्चच्या पानावर शिवणवाली होती. नाव तेच, पत्ता तोच. वय अठ्ठावीस. “राहत्या घरी जिन्यावरून पडून डोक्यास मार. संशय नाही.”

हवालदारबाई त्या घरी एकदा गेली होती. एक खोली, पुढे मोरी, वर पत्रा. जिना नव्हताच.

कारकुनाने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे तिने वही परत केली.

शुक्रवारी तिने टिपण साहेबांच्या टेबलावर ठेवले. वर्षभरात त्रेचाळीस अर्ज, एकतीस महिला, गुन्हा एकही नोंदवला नाही. एका अर्जदार महिलेचा मृत्यू अपघाती म्हणून नोंदला आहे, फेरतपास व्हावा. कक्ष चालू ठेवावा. खाली तिची सही.

साहेबांनी ते दोनदा वाचले. मग उठून दार लोटून घेतले.

“शहाणी आहेस की वेडी? अर्ज दखलपात्र होते, तर गुन्हा का दाखल केला नाही, हे पहिल्यांदा कुणाला विचारतील? अक्षर कुणाचं आहे वहीत?”

“माझं.”

“मी जिना बघायला गेलो नव्हतो. ज्यानं पंचनामा केला तो बदलून गेला. मधे सापडशील तू. कागद उचल आणि घरी जा. सोमवारी दुसरा आण.”

“आवक क्रमांक टाकलाय साहेब. प्रत वरच्या कार्यालयात गेली.”

साहेबांनी कागदाची घडी घातली. “तू शिकायला कशाला गेलीस गं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्याचेच तिला जास्त भय वाटले.

संध्याकाळी तिच्या हाती दोन आदेश पडले. कक्ष सहा महिने चालू ठेवावा, हा पहिला. अर्जांची दखल न घेतल्याबद्दल हवालदारबाईंना चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित करण्यात येत आहे, हा दुसरा. शिवणवालीबद्दल कुठेच अक्षर नव्हते. तिने वरच्या कार्यालयात फोन लावून सांगितले, त्या घरात जिनाच नव्हता. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला, “बाई, अंत्यसंस्कार होऊन वर्ष होत आलं. वैद्यकीय अहवालात डोक्याला मार, एवढंच आहे. पडूनही लागतोच की. जिन्याचं तुम्ही लेखी द्या, बघू.”

शनिवारी ती वर्गात गेली. चौथ्या प्रश्नावर वकिलाने हात वर केला. त्याने खरेच विचार केला होता. “सर, मी चौसष्टवाल्या हद्दीत देईन मुलगी. तिथे निदान कुणीतरी लिहून घेतं.”

“छान,” सर म्हणाले. “आणि शून्यवाल्या हद्दीतल्या मुलींचं काय?”

हवालदारबाई उभी राहिली. गणवेश नव्हता, म्हणून कोपऱ्यातल्या काहींनी तिला चटकन ओळखलेही नाही.

“ते ठाणं माझं आहे,” ती म्हणाली. “शून्य मी लिहिलंय.”

मग तिने सगळे सांगितले. वही, एकतीस बायका, शिवणवाली. सरांनी मधे एकदाही अडवले नाही. शेवटी त्यांनी हळूच विचारले, “आता त्या अहवालात काय बदलेल?”

“पुढच्या वर्षी गुन्हे वाढलेले दिसतील, सर. लोक म्हणतील, हद्द बिघडली.”

“आणि तिचं?”

“ती अपघातांत मोजली गेलीय. तिथेच राहील.” “मी जिन्याचं लेखी देणार आहे. पण घर भाड्याचं होतं. मालकानं गेल्या महिन्यात पाडलं.”

सरांनी खडू उचलला, पण फळ्यावर काही लिहिले नाही. तास संपायला वीस मिनिटे होती. त्यांनी पाचवा प्रश्न काढलाच नाही. वहीतून एक कोरे पान फाडून त्यांनी तिच्यापुढे ठेवले.

“बस,” ते म्हणाले. “घराच्या भिंती कशा होत्या, दार कुठे होतं, सगळं इथेच लिही. आठवतंय तोवर.”

ती लिहू लागली.