सात बिया, तीन चमचे

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. सफरचंदाच्या बीमध्ये अमिग्डालिन असतं आणि बी चिरडली की त्यातून सायनाइड सुटतं, हे मला झोपेतही सांगता येतं. एवढंच येत असतं तर घरी कुणाला त्रास झाला नसता. पण मला ते सांगायची हौस आहे.

त्या दिवशी दुपारी आमची चार वर्षांची लेक माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "बाबा, मी अख्खं सफरचंद खाल्लं. मधलंसुद्धा." तिच्या मागे माझ्या सासूबाई कौतुकाने उभ्या होत्या.

"बियांसकट?" मी विचारलं.

"आजीने दिलं," ती म्हणाली.

"किती बिया?"

"सात असतील," सासूबाई म्हणाल्या. "का हो?"

"आई, तुम्ही तिला विष दिलंत," मी म्हणालो. शांतपणे म्हणालो, याचा तेव्हा मला अभिमानही वाटला.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. मी मात्र कामाला लागलो. पेलाभर कोमट पाण्यात चहाच्या चमच्याने मोजून तीन चमचे मीठ ढवळलं आणि लेकीचं नाक दाबून निम्मं तिच्या घशाखाली उतरवलं. ती ओकली, थोडंच. मग रडली, पाणी मागत राहिली, मग मरगळली. विष भिनलं असं म्हणत मी तिला उचलून जवळच्या दवाखान्यात धावलो. मागून सासूबाई अनवाणी आल्या.

तातडीच्या कक्षात ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने आधी लेकीला तपासलं, मग माझ्याकडे वळली.

"बिया चावल्या की गिळल्या?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

"गिळल्या असणार," त्या म्हणाल्या. "चावायचा कंटाळा आहे तिला. गोळीसुद्धा अख्खी गिळते."

"मग त्या अख्ख्याच बाहेर पडतील. बीचं कवच पोटात सहसा फुटत नाही. आणि चावल्या असत्या तरी सातांनी काही होत नाही, तेवढं शरीर निभावून नेतं. मोठ्या माणसाला खरा धोका व्हायला शंभर-दोनशे बिया तरी बारीक चावून एका बैठकीत खाव्या लागतील. नेमका आकडा कुणी देत नाही, सफरचंदाच्या जातीवर आणि माणसाच्या वजनावर ठरतं. हिच्यासारख्या लहानग्यांना कमी पुरतील, तरी कित्येक डझन. असल्या गोष्टीत मात्राच सगळं काही असते."

हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो.

"पण बियांनी इतकी मरगळ येत नाही," डॉक्टर म्हणाली. "आणखी काही दिलंय?"

खोलीत एक पंखा होता, तो फारच आवाज करत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मिठाचं पाणी," सासूबाई म्हणाल्या. "ओकारीसाठी. मी दिलं."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आजी, ही जुनी खोड सोडा. मिठाने रक्तातलं सोडियम एकदम चढतं, मेंदूला इजा होते, मुलं दगावतात. बियांपेक्षा तुमचा उपाय घातक आहे. कुणी शिकवलं हे?"

"असंच," सासूबाई म्हणाल्या. अनवाणी पाय त्यांनी बाकाखाली ओढून घेतले.

आणि मी गप्प बसलो. एवढा शिकलेला माणूस, पण तोंडात जणू मिठाची गुळणी धरली होती. बोललो असतो तर डॉक्टरने मला विचारलं असतं की तुम्ही काय करता.

"किती मीठ होतं?" डॉक्टरने विचारलं. "नीट आठवा. त्यावर पुढचं ठरेल."

"चिमूटभर," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मीठ ढवळताना पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे पाहून त्यांनी दुरुस्त केलं, "म्हणजे अर्धा चमचा असेल."

डॉक्टर लिहू लागली. अर्धा चमचा म्हणजे काळजी कमी, तपासणी उशिरा. लेक सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत पडली होती.

"तीन चमचे," मी म्हणालो. "चहाचे. पेल्यात. निम्मा पोटात गेला, ओकली त्यातलं थोडंच. मी दिलं. यांनी काही केलं नाही, यांनी फक्त सफरचंद दिलं. आणि त्यात वावगं काही नव्हतं."

डॉक्टरने लिहिलेलं खोडलं. नर्सला हाक मारून लगेच रक्त घ्यायला आणि सलाईन तयार ठेवायला सांगितलं. मग मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. तिने मान डोलावली, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

सोडियम चढलेलं निघालं. संध्याकाळपर्यंत ते उतरायला लागलं आणि लेकीने डोळे उघडून भूक लागल्याचं जाहीर केलं. मी बाकावर सासूबाईंशेजारी बसलो. तोवर त्यांच्याशी एक शब्द बोलायचं धाडस झालं नव्हतं.

"आई, तुम्ही खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तुम्हाला तिथं ओरडा बसला असता," त्या म्हणाल्या. "मला काय, मी अडाणीच."

मी खाली जाऊन त्यांच्यासाठी चपला विकत घेऊन आलो. माप चुकलं होतं. त्यांनी तरी घातल्या.