बाप-लेकीचा मध्यबिंदू

विभावरीने कंपासचं टोक कागदावर रोवलं आणि अर्ध्या वर्तुळातच हात थांबवला. पाळण्यातून श्वास ऐकू आला नव्हता. ती उठली, बाळाच्या नाकापाशी बोटाची मागची बाजू धरली, ऊब लागली तेव्हा परत येऊन उरलेलं वर्तुळ पुरं केलं.

बंद दाराच्या पलीकडे दिवाकर बूट घालत होता.

"काय करून राहिली ती?"

"झोपली आहे."

"आई म्हणते, नाक माझं आहे."

"दार उघडून बघ ना."

बुटाच्या नाडीचा आवाज थांबला. तो म्हणाला, "बस निघून जाईल, विभा." आणि खरंच निघून गेला. लढाई सुरू झाल्यापासून फॅक्टरीत बारा-बारा तासांची पाळी लागली होती. दिवाकर तोफगोळ्यांत दारू भरण्याच्या विभागात होता. जबलपूरच्या रांझी भागातल्या त्या क्वार्टरांमध्ये कोणाच्या घरचा माणूस कोणत्या विभागात आहे, हे बायकांच्या तोंडावरूनच कळायचं.

मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली त्याला आज वीस दिवस झाले होते. ओमती मोहल्ल्यातल्या गुरुजींनी पत्रिका मांडली आणि 'बापाला जड' म्हणून सांगितलं. सत्ताविसाव्या दिवशी शांती होईपर्यंत बापाने तोंड बघायचं नाही. एवढं तरी विभावरीने दात आवळून सोसलं होतं. पण चार दिवसांपूर्वी गुरुजींनी आणखी सांगितलं, की तुमच्या पोराचं काम बारुदीचं, वर लढाईचे दिवस. शांती आजोळीच करा आणि लढाई संपेपर्यंत मुलीला तिकडेच ठेवा. गुरुवारचं अमरावतीचं तिकीट आता देव्हाऱ्यातल्या डबीखाली होतं. लढाई कधी संपणार, हे गुरुजींनी सांगितलं नव्हतं.

भीती तिलाही होतीच. दुपारी लांब कुठे टायर फुटला तरी तिच्या हातातली वाटी खाली पडायची. म्हणून तर तिला नुसतं 'मी मानत नाही' असं म्हणता येत नव्हतं. तिने गणितात एम.एस्सी. केलं होतं, तिला उत्तराला उत्तर हवं होतं.

"पुन्हा तेच?" तिच्या सासूबाई, सरोजिनीबाई, आळिवाची खीर घेऊन आत आल्या. "बाळंतिणीनं डोळे फोडून घेऊ नये. काय मांडून ठेवलं हे?"

"कुंडली आहे, आई."

"हिची? ती तर गुरुजींनी केली."

"हिची नाही. ह्यांचीही नाही. दोघांची मिळून एक."

सरोजिनीबाईंनी वाटी ठेवली, पण त्या गेल्या नाहीत.

"हे बघा." विभावरीने पट्टी कागदावर धरली. "हिचा चंद्र इथे, ह्यांचा चंद्र इथे. दोघांच्या बरोब्बर मधे हा बिंदू. तो दोघांच्या नात्याचा चंद्र. असाच मंगळ, असाच शनी, सगळेच. मग जी कुंडली तयार होते ती कोणा माणसाची नसते, नात्याची असते."

"नात्याची पत्रिका?" सरोजिनीबाई हसल्या. "नात्याला काय मुंज करायची आहे, का लग्न?"

"गुरुजी म्हणतात ही बापाला जड. यात जड-हलकं होतच नाही, आई. हिच्याकडून मोजा की त्यांच्याकडून, मधला बिंदू तोच येतो."

"आणि हे काय लिहिलं? सूर्य मिथुनेत? गुरुजी तर वृषभ म्हणाले."

"हे सायन आहे. पाश्चात्त्य पद्धत. राशी वसंतसंपातापासून मोजतात, म्हणून तेवीस-चोवीस अंशांचा फरक पडतो."

"म्हणजे आभाळ पण तुमचं वेगळं." सरोजिनीबाईंनी पाळण्याला झोका दिला. "खीर गार होते. आणि तिकीट गुरुवारचंच आहे, विभा."

अकराच्या सुमाराला चेरीतालहून बापूसाहेब आले. ते विभावरीचे कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर या सायन ज्योतिषाच्या नादाला लागले होते आणि हिला त्यांनीच लावलं होतं. आदल्या दिवशी तिने शेजारच्या घरून त्यांना फोन केला होता. उन्हातून स्कूटरवर आल्याने चेहरा लाल झाला होता. त्यांनी बाळाच्या मुठीत दहाची नोट खोचली, कूलरसमोर बसले आणि कागद मागितला. सरोजिनीबाई पन्हं घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

बापूसाहेबांनी ग्रहांच्या जाड पुस्तकाशी एकेक आकडा ताडून पाहिला. मग पेन्सिलीने दोन ठिकाणी टिंब दिलं.

"सूर्य कन्येत नऊ अंश. बुध मीनेत वीस अंश. हे कसं?"

"मी तीनदा केलं, सर. तेच येतं."

"आकाशात बुध सूर्याला सोडून अठ्ठावीस अंशांपलीकडे जात नाही. इथे तर चक्राच्या दुसऱ्या टोकाला बसलाय."

"संयुक्त कुंडलीत होतं ना तसं? हे आकाश कधी नव्हतंच. कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी."

"होतं. पण झालं की थांबून बघायचं, काहून झालं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "वर्तुळावर दोन बिंदूंना मध्य किती?"

"दोन. एक जवळचा, एक बरोब्बर त्याच्या समोरचा. आपण जवळचा घेतो."

"आणि दोन बिंदूच समोरासमोर असले तर?"

विभावरीने कागद ओढून घेतला. मुलीचा सूर्य मिथुनेत पावणेदहा अंशांवर. दिवाकरचा धनूत, पावणेनऊवर. मधलं अंतर एकशे एकोणऐंशी.

"एक अंश," ती म्हणाली.

"एक अंश. म्हणजे जेमतेम एक दिवस. जावई एक दिवस उशिरा जन्मले असते तर जवळचा मध्य लांबचा झाला असता आणि सूर्य इकडून उठून तिकडे गेला असता. तारीख कुठून घेतली तू?"

"फॅक्टरीच्या पासवरून. एक डिसेंबर एकोणसत्तर. वेळ माहीत नाही, म्हणून दुपारचे बारा धरले. लग्नरास काढलीच नाही."

"एक तारीख!" बापूसाहेब मोठ्याने हसले. "अरे, आमच्या पिढीनं अर्धी पोरं कागदावर एक तारखेलाच जन्माला घातली. शाळेच्या मास्तरला सोपं पडायचं."

विभावरी वळली. सरोजिनीबाई पन्ह्याचा ट्रे धरून तशाच उभ्या होत्या.

"आई?"

"मला काहून विचारता? मी थोडीच ज्योतिषी आहे."

"तुम्ही आई आहात त्यांच्या."

सरोजिनीबाईंनी ट्रे खाली ठेवला. पदराने हात पुसले, ते कोरडेच होते.

"आणि वाईट निघालं तर?"

विभावरीने कागदाकडे पाहिलं. आत्तापर्यंतची कुंडली तिला बरी वाटली होती. शनी सूर्याला नवपंचमात, कुठे काही टोचणारं नाही. ती तशीच ठेवता आली असती. एक तारीख कोणी पुन्हा तपासली नसती.

"वाईट निघालं तरी मी हिला त्यांना दाखवणार आहे," ती म्हणाली. "गुरुवारी मी जाणार नाही, आई. मला फक्त खरं काय ते बघायचं आहे."

पाळण्यात बाळ कुरकुरलं. कोणीच उठलं नाही.

"चार तारीख," सरोजिनीबाई म्हणाल्या. "चार डिसेंबर. सकाळी सातचा भोंगा वाजत होता. भोंगा आणि हा, दोघं एकदमच रडत होते. सुईण म्हणाली, चलो, फॅक्टरीत एक माणूस वाढला." त्यांनी ट्रे भिंतीकडे सरकवला. "तीस वर्षांत कोणी विचारलंच नाही."

"इथेच? जबलपूरला?"

"याच लायनीत. पलीकडचं क्वार्टर."

मग अर्धा तास कूलरचा आणि पेन्सिलींचा आवाज होता. बापूसाहेब आकडे सांगत, विभावरी बेरीज करून निम्मं करी. चार तारखेला दिवाकरचा सूर्य पावणेबारा अंशांवर येत होता. अंतर एकशे ब्याऐंशी झालं, म्हणजे दुसऱ्या बाजूने एकशे अठ्ठ्याहत्तर. सूर्य कन्येतून उठला आणि थेट मीनेत गेला, बुधाशेजारी. आता वेळही होती. तिने दोघांच्या दशमबिंदूंचा, म्हणजे जन्मवेळी माथ्यावर असलेल्या बिंदूंचा, मध्य काढला, तो तुळेच्या सुरुवातीला आला. जबलपूरच्या अक्षांशाच्या रकान्यात त्यासमोरचं लग्न पाहिलं.

"धनू, एकवीस," ती म्हणाली. मग तिची पेन्सिल वरच्या एका आकड्यापाशी गेली.

"मंगळ?" बापूसाहेबांनी विचारलं.

"धनू. तेवीस."

सरोजिनीबाई पुढे झाल्या. मंगळ हा एक शब्द त्यांना कोणत्याही पद्धतीत कळत होता. "लग्नात मंगळ?"

"लग्नबिंदूवरच," बापूसाहेब म्हणाले.

"बघा. मी म्हटलं नव्हतं? निघालं ना?"

"काय निघालं, वहिनी? हा ना हिचा मंगळ, ना त्याचा. दोघांच्या मधला आहे."

"मग काय होईल त्यानं?"

"भांडतील." बापूसाहेबांनी पन्ह्याचा ग्लास उचलला. "भेटले की भांडतील. ही म्हणेल सायकल पाहिजे, तो म्हणेल नाही. ही म्हणेल भोपाळला शिकायला जाते, तो दारात आडवा होईल. दोघंही मागे हटणारे नाहीत. तुमच्या डोक्याला ताप होईल, दुसरं काही नाही."

"आणि त्याला... कामावर काही?"

"ते यात दिसत नाही, वहिनी. खोटं काहून सांगू? माणूस जगेल का मरेल, हे ज्याच्या-त्याच्या कुंडलीत शोधणारे शोधोत. ही नात्याची आहे. आणि नातं भेटीपासून सुरू होतं. भेटच झाली नाही, तर मग हा नुसता कागद आहे."

सरोजिनीबाई बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं. मग त्यांनी बोट ठेवलं, नेमकं तेवीस अंशांवर नाही, पण जवळपास.

"सायकलवरून भांडायला," त्या हळूच म्हणाल्या, "हिला आठ-दहा वर्षांची तरी व्हावं लागेल."

"आणि त्याला चाळिशीचा," बापूसाहेब म्हणाले.

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात गेल्या. बापूसाहेब निघाले तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत, नुसतं आतून म्हणाल्या, "अच्छा, येत जा."

दुपारभर विभावरी मनात वाक्यं जुळवत बसली. दिवाकर आला की काय बोलायचं, सासूबाई आडव्या आल्या तर काय, तो स्वतःच मागे सरकला तर काय. तिने बाळाचं आंगडं दोनदा बदललं. साडेसातला गल्लीत सायकलच्या घंट्या वाजायला लागल्या, पाळी सुटली होती. ती बाळाला उचलायला वाकली तर पाळणा रिकामा होता.

ती धावतच बाहेर आली.

सरोजिनीबाई अंगणात नळापाशी उभ्या होत्या. नात त्यांच्या खांद्यावर होती, पाठ फाटकाकडे आणि तोंड घराकडे. दिवाकर फाटकात थबकला होता. त्याच्या हातांवर बारुदीचा पिवळा रंग होता, नखांच्या कडांशी जास्त.

"आई, गुरुजी..."

"गुरुजींचं मी बघते." सरोजिनीबाईंनी पायाने बादली त्याच्याकडे सरकवली. "तू आधी हात धू. साबणानं, कोपरापर्यंत. असल्या हातानं मी पोरीला देणार नाही."