स्वयंसूचनेचं सातवं वाक्य

बाळंतपणाची रजा संपवून स्टुडिओत परतले आणि पहिल्याच सकाळी माझ्या हातात संहिता पडली. कामावर परतणाऱ्या नव्या आयांसाठी स्वयंसूचना. रोज सकाळी डोळे मिटून ऐकायच्या आणि मनातल्या मनात म्हणायच्या. मी आवाज देते. जाहिराती, माहितीपट, फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा', जे येईल ते. आता हे आलं होतं.

"हे तूच करायचंस," निर्माता म्हणाला. "स्वतः नवी आई आहेस. खरेपणा आपोआप येईल."

या माणसाला आम्ही पाठीमागे साखरपाक म्हणतो. तो बोलून गेला की हात धुवावेसे वाटतात. मी रजेवर असताना त्याने दुसरा आवाज शोधून ठेवला होता, आणि 'ती पण छान करते हं' हे तो मला तोपर्यंत दोनदा सांगून मोकळा झाला होता. नोकरी टिकवायची तर हे काम नीट व्हायलाच हवं होतं. मला ते समजलं होतं आणि मला समजलंय हे त्यालाही समजलं होतं.

दूध कुठे काढू, असं विचारल्यावर त्याने नजर चुकवली आणि पॅसेजच्या टोकाला बोट दाखवलं. तिथे संडास होता.

झाकणावर बसून मी पंप लावला. फिनेलचा वास, ओली फरशी, कोपऱ्यात कुणीतरी टाकलेला केसांचा गुंता, आणि मधूनच दारावर थाप, "कोण आहे आत?" माझ्या लेकराचं जेवण मी इथे तयार करत होते! साहेबांचा डबा कुणी इथे भरला असता का? संतापाने अंगाचा तिळपापड झाला आणि तिथेच घात झाला. दुधाला मनाचं सगळं कळतं. जीव धास्तावला की पान्हा फुटत नाही, यंत्र नुसतंच ओढत राहतं. बाटलीच्या तळाला चमचाभर जमलं. छाती मात्र दगड झाली होती. असं तुंबून राहिलं की गाठी होतात, ताप चढतो, आणि रोज असंच चाललं तर दूध हळूहळू आटतंच. ते बाटलीभर दूध घरी सासूबाईंच्या हातात पडायला हवं होतं, आणि मी इथे चमचाभर घेऊन बसले होते.

तशीच बूथमध्ये गेले. जाड दार, भिंतींना फोम, समोर काच, काचेपलीकडे साखरपाक आणि रेकॉर्डिस्ट.

पहिली सहा वाक्यं मी सराईतपणे ओढली. मी समर्थ आहे. माझं बाळ सुरक्षित आहे. मी माझ्या कामात कुशल आहे. आणि सातवं: 'मला कसलाही अपराधीपणा वाटत नाही.'

"पुन्हा," हेडफोनमध्ये साखरपाक म्हणाला. मी पुन्हा म्हटलं. "अजून एकदा, जरा आतून." आतून काय, कप्पाळ! सकाळी निघताना बाळाने माझी ओढणी मुठीत धरली होती आणि मी एकेक बोट उलगडून ती सोडवली होती. 'अपराधीपणा वाटत नाही' म्हणताना दर वेळी तीच मूठ समोर येत होती. जे ठसठसतंय त्याचंच नाव घेऊन ते नाही म्हणायचं, हे असलं वाक्य लिहिणाऱ्याला तरी पटलं असेल का? मन ऐकून घेत नाही, उलट भांडायला उठतं. सूचना मनात टिकायची तर ती आधी खरी असावी लागते. हे साखरपाकाला कोण सांगणार?

"तिला मूड देऊ या," तो रेकॉर्डिस्टला म्हणाला, आणि माझ्या कानात तान्ह्या बाळाचं रडणं सुरू झालं.

आता नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या कानात बाळ रडवायचं म्हणजे काय, हे त्या शहाण्यांना माहीत नव्हतं. संडासात जो पान्हा रुसला होता, तो एका क्षणात धारेला लागला. आतले पॅड भिजले, कुर्ता भिजला, संहितेच्या कागदावर थेंब पडले.

साखरपाक दार उघडून आत आला आणि जागीच थबकला. "ई," तो म्हणाला. खरंच म्हणाला, नाक मुरडून. "माइक सांभाळ. महागाचा आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आईपणाच्या गोडव्यावर पोट भरणारा हा माणूस, आणि ते आईपण कपड्यांवर उतरलं की याला किळस!

"बाहेर व्हा," मी म्हणाले. "हे दार आतून लागतं ना? मी इथेच दूध काढणार. माइक बंद करायला सांगा."

तो निघून गेला. मी कडी लावली, काचेखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसले, बाळाचा फोटो मांडीवर ठेवला आणि पंप लावला. दूध भराभर येऊ लागलं. मग स्वतःलाच समजावल्यासारखं बोलत राहिले. "मला वाईट वाटतंय. वाटणारच. बाळ सासूबाईंजवळ आहे, त्यांच्या हातून तो बाटली घेतो. दूध येतंय. मला माझं काम येतं. मला वाईट वाटतंय आणि तरी मी काम करतेय, दोन्ही खरं आहे." म्हणता म्हणता खांदे सैल झाले. बाटली भरली. बर्फाच्या पिशवीत ठेवून दार उघडलं.

साखरपाक टाळ्या वाजवत उभा होता. "सोनं आहे सोनं! हेच वापरायचं!"

माइक बंद केलाच नव्हता. त्यानेच रेकॉर्डिस्टला डोळ्यांनी खुणावलं होतं. रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बटणांशी चाळा करत होता. मला शिसारी आली. मी कडी लावून बसले होते आणि हा काचेपलीकडून ऐकत होता.

"फक्त ते 'वाईट वाटतंय' कापू," तो म्हणाला. "गिऱ्हाईक आनंदी आई मागतंय."

"ते कापलंत तर उरतं ते खोटं," मी म्हणाले. "आणि न विचारता घेतलेलं वापरायचंच नाही. आधी ते पुसा. मी पुन्हा बोलेन, सगळं बोलेन. त्या बदल्यात रोज दर तीन तासांनी हा बूथ माझा, माइकची वायर माझ्या हातात."

"मग मी त्या दुसरीलाच बोलावतो."

"बोलवा. वाक्यं ती बोलेल. खरेपणा कुठून आणाल?"

रेकॉर्डिस्टने वर न बघता सांगून टाकलं की ती दुसरी येऊन गेली आहे, आणि तिचं रेकॉर्डिंग गिऱ्हाईकाकडून 'खोटं वाटतं' म्हणून परत आलं आहे. म्हणजे हा गोडबोल्या सकाळपासून मला हूल देत होता.

शेवटी साखरपाकाने मान डोलावली आणि रेकॉर्डिस्टने ते माझ्यासमोर पुसलं. मग मी ओल्या कुर्त्यावर ओढणी घेऊन माइकसमोर उभी राहिले आणि ते वाक्य म्हटलं: मला वाईट वाटतंय, आणि तरी मी काम करतेय. या वेळी कुणी 'पुन्हा' म्हटलं नाही.

हल्ली नवं गिऱ्हाईक आलं की साखरपाक त्याला बूथ दाखवतो. "आमच्याकडे आयांसाठी खास सोय आहे हं," तो म्हणतो, जणू त्यानेच ती सुचवली. ऐकून मला पुन्हा हात धुवावेसे वाटतात. मग माझी वेळ होते, मी त्याला बाहेर काढते, कडी लावते, वायर उपटते, आणि दूध येतं.