फुली आणि चौकोन

कोपर गावातल्या एका अंगणात नवरीला हळद लावायची वेळ झाली आणि दौलतच्या कीबोर्डमधून ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टकटक सुरू झाली. ती काही केल्या थांबेना. कर्ण्यातून सगळ्या आळीला ऐकू जात होती.

वागळे इस्टेटमध्ये सलग दोन पाळ्या करून दौलत तसाच इथे आला होता. अंग आंबून गेलं होतं. ढोलकीवाल्या नाथाने ऐनवेळी दुसरीकडची सुपारी घेतली, म्हणून आदल्या संध्याकाळी दौलतने ठेका आणि साथ स्वतःच वाजवून कीबोर्डमध्ये भरून ठेवली होती. आता ती लावायची आणि वरून गाणं वाजवायचं. हे जमलं नाही तर या गावातून पुन्हा बोलावणं येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पण पडद्यावरची यादी सगळी जपानी. चुलतभाऊ कुंडलिक जहाजावर होता, त्याने ते यंत्र तिकडून आणलेलं. कशाचा अर्थ काय हे त्याने एका कागदावर लिहून दिलं होतं आणि कागद घरी राहिला होता. सूर निवडायला अडचण नव्हती. एकेक लावून वाजवून बघायचा, कानाला सनईसारखा लागला की थांबायचं. बाकीचं कानाने कसं ओळखणार? दहावी शिकलेला माणूस, पण अक्षरं बघून डोकं चालेना. वैतागून त्याने बाण एका ओळीवर आणला आणि बटणावर बोट टेकवलं.

"तो चौकोन नको दाबू," मागून बायजा म्हणाली.

बायजा त्याची थोरली बहीण. मासळी विकून आली की त्याच्या सामानाबरोबर यायची.

"काल चौकोन दाबलास, मंग तू वाजवलंस ते आत गेलं. आता दाबून वाजवलंस तर कालचं जाईल. टकटक फुलीची हाय. फुलीवर जा नि बंद कर."

दौलतने फुलीसारख्या अक्षराने सुरू होणारी ओळ शोधली. टकटक थांबली.

"आता ती बघ, आडव्या काठीवर दोन उभ्या. बोंबील वाळवायला बांधतो तशी. काल ऐकायला तीच दाबलीस."

ठेका सुरू झाला. बायका नवरीभोवती जमल्या, हळदीचे हात पुढे झाले.

"बाय, तुला जपानी कशी कळली?" वाजवता वाजवता त्याने हळूच विचारलं.

"मना कुठं कळते? मना मराठी पण अशीच दिसते. बसची पाटी, रेशनचा फलक, समदी चित्रंच. ध्यानात ठेवायची."

दौलतला लाज वाटली. हिच्या टोपलीवर तो दहावी झाला होता आणि एवढ्या वर्षांत त्याने तिला एक अक्षर दाखवलं नव्हतं. ती रोज किती थकत असेल, हे त्याला आज दोन पाळ्यांच्या शिणात कळलं.

"मी तुला कधी शिकवलं नाय ना," तो म्हणाला.

"नाय," बायजा म्हणाली. "पुढं बघ, गाणं सरत आलं."